वाढावा झाला, मग बँकेतले पैसे कमी कसे?

ऑगस्ट संपत आला की मुंबई, ठाणे, पुण्याकडच्या गृहनिर्माण संस्थांमध्ये जिन्याखालच्या काचेच्या फळ्यावर एक कागद लागतो. 'संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा रविवारी सकाळी दहा वाजता पार्किंगमध्ये घेण्यात येईल. गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास ती त्याच ठिकाणी साडेदहा वाजता घेण्यात येईल व त्या सभेस गणसंख्येची आवश्यकता राहणार नाही.' अनुभवी सभासद साडेदहालाच खाली उतरतात, हे सूचना लिहिणाऱ्या सेक्रेटरीलाही माहीत असते. ही सगळी घाई सप्टेंबरात होते, कारण आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते आणि महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ७५ प्रमाणे त्यानंतर सहा महिन्यांच्या आत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, ही सभा व्हावी लागते.

सभेत मागच्या इतिवृत्ताचे वाचन होते, आणि मग अध्यक्ष उठतात. वर्षाचा आढावा, हिशेब, आभार असे भाषण दहा-बारा मिनिटे चालते. बहुतेक जण तेवढ्या वेळात चहा आला का ते पाहतात. माझ्या मते सबंध सभेत लक्ष देऊन ऐकण्यासारखा भाग हाच असतो, आणि त्यातही मधली तीन मिनिटे. त्या तीन मिनिटांत काय सांगितले जाते, काय सांगायचे राहते आणि ते ऐकणाऱ्याला कसे ओळखता येते, एवढ्यापुरताच हा लेख आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. अध्यक्षांनी केलेले स्वागत, सणासुदीच्या शुभेच्छा, आभार हे त्यांचे स्वतःचे. पण वर्षाचा अहवाल त्यांचा एकट्याचा नसतो, तो व्यवस्थापक समितीचा असतो. कलम ७५ सांगते की सभेपुढे ताळेबंद ठेवताना त्याला समितीचा अहवाल जोडलेला असला पाहिजे. संस्थेच्या कारभाराची स्थिती काय आहे, राखीव वा अन्य निधीकडे किती रक्कम वर्ग करायचा विचार आहे, आणि लाभांश, बोनस किंवा मानद काम करणाऱ्यांना मानधन द्यायचे असल्यास त्याची शिफारस काय आहे, हे त्या अहवालात यायला हवे. त्यावर अध्यक्षांची, किंवा समितीने अधिकार दिलेल्या सदस्याची, सही लागते. म्हणजे पार्किंगमधल्या भाड्याच्या माइकवरून जे वाचले जाते त्यातला निम्मा भाग कायद्याने मागितलेला दस्तऐवज आहे. 'आपण आपले दोन शब्द बोलू' असे म्हणून उठणाऱ्या अध्यक्षांना हे कुणीतरी आधी सांगायला हवे.

आता एक उदाहरण घेऊ. संस्था काल्पनिक आहे, पण आकडे कुठल्याही मध्यम आकाराच्या इमारतीला शोभतील असे आहेत. चाळीस सदनिका, एक लिफ्ट, दोन पाळ्यांत वॉचमन. प्रत्येक सदनिकेला महिना ३,००० रुपयांचे बिल. या संस्थेच्या अध्यक्षांनी सन २०२४-२५ च्या अहवालात आर्थिक परिच्छेद असा वाचला असे समजा:

'सन्माननीय सभासद बंधू-भगिनींनो, अहवाल वर्ष संस्थेच्या दृष्टीने अत्यंत समाधानकारक ठरले, हे कळविण्यास समितीस आनंद होत आहे. अहवाल वर्षात संस्थेस १,२०,००० रुपयांचा वाढावा झाला असून संस्थेची आर्थिक स्थिती भक्कम आहे. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचे काम यशस्वीरीत्या पूर्ण करण्यात आले. काही सभासदांकडून येणे असलेली रक्कम वसूल करण्याचे प्रयत्न सुरू आहेत.'

टाळ्या पडतात. यातले 'भक्कम' सोडले तर एकही विधान खोटे नाही. आणि तरीही तिसऱ्या रांगेतले एखादे निवृत्त बँक कर्मचारी हातातला ताळेबंद उलटून विचारतात, "साहेब, वाढावा एक लाख वीस हजार झाला ना? मग बचत खात्यात गेल्या मार्चला सहा लाख चाळीस हजार होते, ते यंदा चार लाख अठ्ठेचाळीस हजार कसे?" खजिनदार अध्यक्षांकडे पाहतात, अध्यक्ष खजिनदारांकडे पाहतात, आणि कोणीतरी म्हणते, "काका, ते ऑडिटरने तपासलंय."

ऑडिटरने तपासले आहे हे खरेच. पण काकांच्या प्रश्नाचे ते उत्तर नव्हे. उत्तर चार आकड्यांत मिळते आणि तेवढेच अहवालात असायला हवे होते.

महिन्याच्या ३,००० रुपयांत दोन वेगळ्या जातीचे पैसे एकत्र येतात. त्यातले २,४०० रुपये चालू खर्चासाठी असतात : वॉचमन, पाणी, वीज, लिफ्टची देखभाल, साफसफाई. उरलेले ६०० रुपये निधीचे. दुरुस्ती निधीसाठी ४५० आणि सिंकिंग फंडासाठी १५०. आदर्श उपविधीत या दोन्ही निधींचे किमान दर दिलेले आहेत. सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला पाऊण टक्का दुरुस्ती निधीला आणि पाव टक्का सिंकिंग फंडाला. आपल्या उदाहरणात सदनिकेचा बांधकाम खर्च ७,२०,००० रुपये धरला आहे. त्याचा पाव टक्का वर्षाला १,८०० रुपये, म्हणजे महिना १५० होतो आणि पाऊण टक्का त्याच्या तिप्पट. जमिनीची किंमत यात धरत नाहीत. म्हणून जुन्या इमारतींत ही रक्कम इतकी बारीक निघते की लोकांना ती बिलात दिसतही नाही.

चालू खर्चाचे २,४०० रुपये उत्पन्न-खर्च पत्रकात जातात. चाळीस सदनिका, बारा महिने : ११,५२,००० रुपये. भाड्याने दिलेल्या सदनिकांचे शुल्क, बचत खात्यावरचे व्याज असे किरकोळ उत्पन्न १,२८,०००. एकूण १२,८०,०००. खर्च ११,६०,०००. वाढावा १,२०,०००. इथपर्यंत अध्यक्ष बरोबर बोलत होते.

निधीचे पैसे मात्र या पत्रकात येतच नाहीत, ते थेट ताळेबंदात निधीच्या नावावर जमा होतात. वर्षाचे २,८८,००० रुपये. गच्चीच्या कामाला ३,५०,००० रुपये लागले, तेही खर्चाच्या बाजूला दिसत नाहीत, कारण ते दुरुस्ती निधीतून गेले. म्हणून वर्षातला सगळ्यात मोठा खर्च करूनही वाढावा तसाच राहिला.

आणि चौथा आकडा थकबाकीचा. हिशेब लिहिताना बिल काढले की ते उत्पन्न झाले असे धरतात, पैसे आले की नाही हा वेगळा प्रश्न. ३१ मार्च २०२४ ला सभासदांकडून २,१०,००० रुपये येणे होते, ते ३१ मार्च २०२५ ला ४,६०,००० झाले. म्हणजे यंदा बिलात लिहिलेले अडीच लाख रुपये कागदावर आहेत, बँकेत नाहीत.

आता बेरीज-वजाबाकी करून पाहा. वाढाव्याचे १,२०,००० आणि निधीचे २,८८,००० मिळून ४,०८,००० रुपये यायला हवेत. त्यातून न आलेले २,५०,००० आणि गच्चीला गेलेले ३,५०,००० वजा केले की उणे १,९२,००० उरतात. सहा लाख चाळीस हजारांतून एक लाख ब्याण्णव हजार गेले की चार लाख अठ्ठेचाळीस हजार राहतात. काकांचा हिशेब जुळला. हे एवढेच वाक्य अहवालात असते तर टाळ्या कदाचित कमी पडल्या असत्या, पण प्रश्नही पडला नसता.

'भक्कम' या शब्दाचे मात्र अजून बाकी आहे. बँकेतले ४,४८,००० रुपये तरी कोणाचे? ताळेबंदाच्या देण्याच्या बाजूला पाहिले तर सिंकिंग फंडाची शिल्लक ९,२०,००० रुपये दिसते. मालमत्तेच्या बाजूला त्या निधीच्या मुदत ठेवी शोधल्या तर ७,००,००० च्याच सापडतात. उरलेले २,२०,००० रुपये बचत खात्यात पडून आहेत, म्हणजे तिथून वॉचमनचा पगार आणि विजेचे बिलही भागवले जाऊ शकते. दुरुस्ती निधीचेही तसेच. वर्षाच्या सुरुवातीला ३,१०,००० होते, वर्षात २,१६,००० जमा झाले, गच्चीला ३,५०,००० गेले, शिल्लक १,७६,०००. ही रक्कमसुद्धा त्याच बचत खात्यात आहे. दोन्ही वजा केल्यावर संस्थेकडे रोजच्या खर्चासाठी मोकळे पैसे उरतात फक्त ५२,००० रुपये. या संस्थेचा महिन्याचा चालू खर्च सरासरी ९७,००० रुपयांच्या घरात आहे. दोन-तीन महिने वसुली रखडली तर पगार कशातून द्यायचा हे समितीला ठाऊक असते, आणि ते सिंकिंग फंडातून दिले जातात. हे उघडपणे कोणी म्हणत नाही.

सिंकिंग फंड हा इमारतीच्या पुनर्बांधणीसाठी किंवा वास्तुविशारदाने आवश्यक ठरवलेल्या मोठ्या, रचनात्मक दुरुस्तीसाठी साठवायचा पैसा आहे. तो वापरायला सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो. चालू खर्चासाठी तो वापरणे हा अफरातफरीचा प्रकार असतोच असे नाही, बहुतेक वेळा तो आळसाचा असतो : वेगळी मुदत ठेव काढायला कोणी बँकेत गेलेच नाही, इतकेच. पण वीस वर्षांनी पाया खचला किंवा खांबांतली सळई गंजून काँक्रीट सुटले की हा आळस महागात पडतो. म्हणून अहवाल ऐकताना एकच पडताळणी करायची असेल तर ही करावी : देण्याच्या बाजूला सिंकिंग फंड किती आणि मालमत्तेच्या बाजूला त्याच्या ठेवी किती. तफावत असेल तर कारण विचारावे.

आता तोच परिच्छेद कसा लिहिता येईल ते पाहू. भाषा औपचारिकच ठेवायची, कारण हा अहवाल पुढे इतिवृत्ताला जोडला जातो आणि पाच वर्षांनी वेगळी समिती, वेगळा लेखापरीक्षक तो वाचतो.

'अहवाल वर्षात संस्थेस १,२०,००० रुपयांचा वाढावा झाला. तथापि बचत खात्यातील शिल्लक ६,४०,००० रुपयांवरून ४,४८,००० रुपयांवर आली. गच्चीच्या कामाचे ३,५०,००० रुपये दुरुस्ती निधीतून अदा करण्यात आले आणि सभासदांकडील येणे बाकी २,१०,००० रुपयांवरून ४,६०,००० रुपये झाली, ही त्याची दोन कारणे आहेत. सिंकिंग फंडाच्या ९,२०,००० रुपयांपैकी ७,००,००० रुपये मुदत ठेवीत असून उर्वरित २,२०,००० रुपये समिती या आर्थिक वर्षात मुदत ठेवीत गुंतवील. वाढाव्यातून ३०,००० रुपये राखीव निधीत वर्ग करण्याची समितीची शिफारस आहे.'

जेमतेम पाच वाक्ये. शेवटच्या वाक्यातले ३०,००० हे वाढाव्याच्या पंचवीस टक्के आहेत, आणि कायद्यातल्या राखीव निधीच्या तरतुदीतून ते आले आहेत. बाकीचे कुठलेच वाक्य सभासदांना नवीन शिकवत नाही, कारण सगळे आकडे त्यांच्या हातातल्या ताळेबंदात आधीच आहेत. अहवालाचे काम त्या आकड्यांना एका धाग्यात ओवण्याचे असते, आणि बहुतेक अहवालांत नेमके तेच राहते.

भाषेबद्दल एक निरीक्षण. आपली औपचारिक मराठी 'करण्यात आले', 'होऊ शकले नाही', 'विचाराधीन आहे' या वळणावर आपोआप जाते. काम सांगताना त्याने काही बिघडत नाही, 'टाकी साफ करण्यात आली' यात कोणाचे नाव नसले तरी चालते. पण जबाबदारी सांगताना हेच वळण आडोसा होते. 'थकबाकी वसूल होऊ शकली नाही' असे लिहिले की वसूल कोणी करायची होती हा प्रश्न गळून पडतो. वरच्या परिच्छेदात म्हणूनच 'समिती गुंतवील' आहे, 'गुंतवण्यात येतील' नाही. पुढच्या सप्टेंबरात कोणाला विचारायचे ते त्यामुळे ठरते.

थकबाकीचा परिच्छेद लिहिताना समित्या दोन टोकांना जातात. एक टोक वर आलेच, 'प्रयत्न सुरू आहेत'. दुसरे टोक म्हणजे माइकवरून सदनिका क्रमांक वाचून दाखवणे. तिथून पुढे सभा त्या एका माणसाची आणि त्याच्या गळक्या बाथरूमची होते, कारण "मी पैसे का भरत नाही ते आधी ऐका" हे वाक्य ठरलेले असते. भाषणात थकबाकीचे वय सांगावे, माणसे नव्हे. साडेचार लाखांपैकी तीन महिन्यांच्या आतले किती, एक वर्षावरचे किती, हे कळले की सभेला कळते की हा विसराळूपणा आहे की वाद. तीन महिन्यांच्या आतले पैसे आठवण दिली की येतात. वर्षावरचे बहुधा तसे येत नाहीत. त्यांच्यासाठी निबंधक कार्यालयाकडे वसुली दाखल्यासाठी अर्ज करावा लागतो, पूर्वी सगळे ज्याला 'एकशे एक' म्हणत तोच मार्ग, जो गृहनिर्माण संस्थांसाठी आता कलम १५४ब-२९ खाली येतो. समितीने असे किती अर्ज केले आणि ते कुठल्या टप्प्यावर आहेत, हे एका वाक्यात सांगता येते. सभासदनिहाय यादी ताळेबंदाला जोडलेली असते, ज्याला पाहायची तो पाहतो.

वर्षाच्या कामांचा आढावा हा भाषणाचा सगळ्यात लांबणारा आणि सगळ्यात कमी गरजेचा भाग. ट्यूबलाइट बदलल्या, झाडांना कुंपण घातले, पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झाले, हे सगळ्यांनी पाहिलेले असते. मोठ्या कामाबद्दल मात्र तीन गोष्टी यायलाच हव्यात : किती निविदा मागवल्या, कोणत्या सभेने मंजुरी दिली, आणि हमी किती वर्षांची आहे. वॉटरप्रूफिंगची हमी लेखी नसली तर दुसऱ्या पावसाळ्यात ठेकेदाराचा फोन लागत नाही.

एक मोह अध्यक्षांनी टाळायचा असतो. वर्ष चांगले गेल्याच्या ओघात ते म्हणून जातात, "आणि पुढच्या वर्षी आपण सगळी इमारत रंगवून घेऊ, प्रत्येकी पंचवीस हजार काढावे लागतील." सभा होकारार्थी माना डोलवते आणि समितीला वाटते मंजुरी मिळाली. ती मिळालेली नसते. वार्षिक सभेची सूचना चौदा पूर्ण दिवस आधी, विषयपत्रिकेसह द्यावी लागते ती याचसाठी की घरी बसलेल्या सभासदालाही कळावे कशावर निर्णय होणार आहे. विषयपत्रिकेत रंगकाम नव्हते तर भाषणातल्या वाक्याने ते तिथे येत नाही. 'ऐनवेळी येणारे विषय' या शेवटच्या ओळीत इतका मोठा खर्च घुसवला तर पुढे तोच ठराव सहकार न्यायालयात आव्हानाला उभा राहतो. भाषणात फक्त एवढे म्हणावे की समिती या विषयावर विशेष सभा बोलावणार आहे.

लेखापरीक्षणाचे एक वाक्यही राहू नये. लेखापरीक्षक आपल्या अहवालात शेरे मारतातच : सभासद नोंदवहीत नामनिर्देशनाची नोंद नाही, व्हाउचरवर दोन सह्या नाहीत, सिंकिंग फंड गुंतवलेला नाही. समितीला त्यावर दोषदुरुस्ती अहवाल द्यावा लागतो. 'लेखापरीक्षकांनी सात शेरे दिले, त्यातील पाचांची पूर्तता झाली, दोन बाकी आहेत' असे वाचले की ऐकणाऱ्याला विश्वास वाटतो. 'लेखापरीक्षकांनी संस्थेस अ वर्ग दिला आहे' एवढेच वाचले की जाणकार सभासद शेऱ्यांचे पान उघडतो.

उरले आभार. ही यादी मराठी सभेत शेवटी येते आणि तिथेच ती चुकते, कारण नावे लिहून आणलेली नसतात. पद्धत अशी की आधी दिवंगत सभासदांना श्रद्धांजली, ती सभेच्या सुरुवातीला, उभे राहून. आभार शेवटी. त्यात समिती सदस्य, लेखापरीक्षक, बँक, महापालिकेचा प्रभाग कार्यालयातला कर्मचारी हे सगळे ओळीने येतात. सभासदांचे आभार 'वेळेवर देखभाल शुल्क भरल्याबद्दल' मानू नयेत, नाहीतर मागून हसू येते. वॉचमन, सफाई कामगार, लिफ्टचा मेकॅनिक यांची नावे सांगून आभार मानावेत, 'सर्व कर्मचारी वर्ग' म्हणून नव्हे, कारण वर्षभर त्यांना बहुतेक सभासद नावाने हाक मारतात. खजिनदाराने वर्षभर रविवार घालवून पावत्या फाडल्या असतील तर ते जरूर म्हणावे. पण त्यांना मानधन द्यायचे असेल तर ते आभाराच्या वाक्यात सांगून चालत नाही. ती शिफारस समितीच्या अहवालात, आकड्यासह, आधीच आलेली असायला हवी, आणि तिच्यावर सभेने हात वर करायला हवेत. 'ज्ञात-अज्ञात सर्वांचे' म्हटले की आभार संपले असे सगळे समजतात.

मग अध्यक्ष अहवाल आणि हिशेब मंजुरीसाठी सभेपुढे ठेवतात. सूचक कोण, अनुमोदक कोण, हे सेक्रेटरी लिहून घेतात. मंजुरी म्हणजे सभेने हे हिशेब स्वीकारले, एवढेच. चूक पुढे सापडली तर 'तुम्हीच मंजूर केले होते' म्हणून समितीची जबाबदारी संपत नाही, आणि प्रश्न विचारायची वेळही मंजुरीच्या आधीचीच. काकांनी तो हात तेव्हाच वर करावा. त्यानंतर विषय क्रमांक चार येतो : पुढच्या वर्षाचा लेखापरीक्षक नेमणे, आणि त्याला मात्र पाच मिनिटेही लागत नाहीत.